वॉशिंग मशीन वर्षभर वापरून झालंय? तुमच्याकडच्या पाण्यासकट अनुभव लिहा

टँकरपुराण (वाघोली, पुणे)

मशीनचे बहुतेक अभिप्राय पहिल्या आठवड्यात लिहिलेले असतात. त्यातून डिलिव्हरीवाला कसा बोलला आणि डिस्प्ले किती छान आहे एवढंच कळतं. मशीन टिकतंय का, तक्रार केल्यावर माणूस येतो का आणि महिन्याला खिशातून किती जातात, हे कळायला निदान एक वर्ष जावं लागतं. म्हणून हा धागा. वर्ष किंवा जास्त झालेल्यांनी लिहावं, आणि लिहिताना पाणी कुठलं ते नक्की सांगावं. माझ्या मते मशीन कुठल्या कंपनीचं यापेक्षा त्यात पाणी कुठलं जातं यावर जास्त अवलंबून आहे, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

सुरुवात माझ्यापासून. आठ किलोचं फ्रंट लोड, गेल्या दिवाळीत घेतलं. घरात चार माणसं, आठवड्याला पाच धुणी. सोसायटीला पालिकेचं पाणी नाही, बोअर आणि टँकर. थेंब टाकून रंग बदलणारा कठीणपणा मोजायचा किट आणला, त्यात ४८० आला, म्हणजे लिटरला ४८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे आमचं पाणी 'चालवून घ्या' या गटातलं.

टिकाऊपणाबद्दल वर्षभरात मोठं काही बिघडलं नाही. पण खुणा दिसतात. दाराच्या काचेवर खालच्या बाजूला पांढरी कड धरली आहे, ती ओल्या फडक्याने जात नाही, लिंबू चोळलं की जाते. पावडरच्या खणात मागच्या भिंतीला खरखरीत पुटं. टॉवेल वाळले की पापडासारखे. आणि मार्चमध्ये पाणी भरायला इतका वेळ लागायला लागला की मशीन अर्ध्यात थांबून पाणी येत नसल्याचा कोड दाखवायचं. नळ बंद करून मागची नळी सोडवली तर जिथे नळी मशीनला लागते तिथे बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, ती तांबूस गाळाने आणि पांढऱ्या कणांनी पार लिंपली होती. पकडीने हलकेच ओढून काढली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. आता दर महिन्याला करतो.

खर्चाचा हिशेब मात्र नीट मांडतो, कारण तो करताना माझा समज बदलला. प्लगमध्ये लावायचा मीटर घेऊन मोजलं. थंड पाण्याचं छोटं धुणं सुमारे ०.२ युनिट, ४० अंशांचं ०.५५, ६० अंशांचं ०.९. आठवड्याला ४० ची तीन, ६० चं एक आणि थंड एक धरलं तर पावणेतीन युनिट होतात, वर्षाला १४३. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे विजेचे झाले सुमारे १,७००.

पावडर मात्र या पाण्यात दर धुण्याला ८० ग्रॅम लागते. त्याहून कमी टाकली की कॉलर निघत नाही. किलोला २०० रुपये धरले तर वर्षाच्या २६० धुण्यांचे ४,१६०. पाणी धुण्याला साठ लिटर, म्हणजे वर्षाला साडेपंधरा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर आम्हाला १,३०० ला पडतो, त्या भावाने दोन हजार. सायट्रिक ॲसिडचे सव्वादोनशे. एकूण सुमारे ८,१००, म्हणजे धुण्याला एकतीस रुपये. दुकानात आपण तारे मोजत बसतो ते विजेसाठी. माझ्या घरी निम्मा खर्च पावडरचा निघाला.

सर्व्हिसबद्दल पुढे लिहीन. आधी तुमचं येऊ द्या.

सुमेधा_ल (कोथरूड)

उपयुक्त हिशेब. आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी आहे. तेवढ्याच किलोचं मशीन, दीड वर्ष झालं. पावडर ४० ग्रॅमच्या वर कधीच लागली नाही, जास्त टाकली तर फेस राहतो आणि मशीन स्वतःहून एक खळबळ वाढवतं. काच स्वच्छ आहे. म्हणजे तुमचे दोन हजार रुपये नुसते कठीण पाण्याला जातात, बरोबर ना?

आमचा त्रास वेगळा आहे. दाराच्या रबराच्या घडीत काळे ठिपके पडलेत आणि पावसाळ्यात कुबट वास येतो. दार उघडं ठेवते, तरी.

जालनाकर

टँकरपुराण, किट कशाला आणलंत? टीडीएस मीटर दीडशे-दोनशेला मिळतो. आमच्या बोअरचा टीडीएस ९०० आहे, म्हणजे पाणी जड. मी नळाला चुंबकवालं यंत्र बसवलंय, त्यानंतर टीडीएस तेवढाच दिसतो पण क्षार चिकटत नाहीत. वर्षभर मशीन मस्त.

पण आमच्याकडे खरा शत्रू व्होल्टेज. रात्री १६० आणि पहाटे मोटारी बंद झाल्या की एकदम २५० च्या वर. पहिल्या चार महिन्यांत पीसीबी, म्हणजे मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड, गेला. वॉरंटीत होता म्हणून फुकट बदलला, नाहीतर सात हजार सांगितले होते. त्याच वेळी स्टॅबिलायझर घेतला. तेव्हापासून काही नाही.

पाना_पक्कड (नाशिक)

नमस्कार. वीस वर्षं हेच काम करतो, आधी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होतो, आता स्वतःचं दुकान आहे. दोन-तीन गोष्टी सांगतो.

जालनाकर दादा, स्टॅबिलायझर घेतलात ते शंभर टक्के बरोबर. पण टीडीएस मीटर कठीणपणा मोजत नाही. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात साधं मीठही आलं. मीठ हीटरवर बसत नाही. बसतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा क्षार. ९०० टीडीएसचं पाणी खारट पण मऊ असू शकतं आणि ५०० चं पाणी हीटरला पांढरा करून टाकू शकतं. म्हणून धागाकर्त्यांनी किट आणला तो योग्यच. चुंबकाबद्दल, मी चुंबक लावलेली बरीच मशीनं उघडली आहेत. आतले हीटर बिनचुंबकाच्या मशीनसारखेच होते. तुमचं नीट चाललंय, चांगलंच आहे, पण तुमच्याकडे क्षार नसतीलच कदाचित. एकदा थेंबाचा किट लावून बघा.

आता हीटरबद्दल. लोक म्हणतात क्षार बसला की वीज दुप्पट जाते. तसं होत नाही. हीटर पाण्यातच बुडालेला असतो, त्याची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. धुणं थोडं लांबतं, युनिट किंचित वाढतात. खरं नुकसान हीटरचं होतं. वर जाड थर असला की आतली तार गरम होते, उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि एक दिवस हीटर तडकतो. मग धुणं सुरू करताच किंवा मध्येच घरातला ईएलसीबी पडतो. ही खूण लक्षात ठेवा: थंड पाण्याच्या धुण्याला काही होत नाही आणि गरम लावलं की मेन पडतो, तर पहिला संशय हीटरवर.

सुमेधाताई, रबराचं म्हणाल तर दार उघडं ठेवून भागत नाही. त्या घडीत तळाला पाणी साचतं, तिथे छोटी छिद्रं असतात ती केसांनी आणि धाग्यांनी बुजतात. शेवटच्या धुण्यानंतर घडी उलटून कोरड्या फडक्याने पुसा. आणि थंड पाण्यातच सगळं धूत असाल तर महिन्यातून एकदा ६० अंशांवर रिकामं मशीन चालवा. साबणाचा चिकट थर थंड पाण्यात कधीच निघत नाही, वास त्याचाच.

सुमेधा_ल

हो, आम्ही सगळं थंडच धुतो, वीज वाचते म्हणून. करून बघते.

नवा_संसार

छान चर्चा. माझं बजेट २५ हजार, दोन माणसं, ठाण्यात भाड्याचा फ्लॅट. फ्रंट घेऊ की टॉप? कुठली कंपनी चांगली? लवकर सांगा, सेल संपतोय.

टँकरपुराण

नवा_संसार, हा धागा वापरलेल्या मशीनच्या अनुभवांचा आहे, पण खालचं वाचत राहा, उत्तर त्यातच मिळेल.

पाना_पक्कड, सायट्रिक ॲसिड मी दोन महिन्यांनी १५० ग्रॅम टाकतो, रिकाम्या ड्रममध्ये, ६० अंशांवर. हे बरोबर आहे का? सर्व्हिसवाला त्यांचीच पुडी घ्या म्हणून मागे लागला होता.

मी_रत्नांग्री

आमच्याकडे तुमच्या बरोबर उलटं. विहिरीचं पाणी, जांभ्याचा भाग, साबणाला एवढा फेस येतो की पावडर चमच्याने टाकते. क्षाराचं नाव नाही. तीन वर्षांत हीटरला काही नाही.

पण पत्रा! पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खालच्या कडेला रंग फुगला, दुसऱ्यात पत्रा बोटाने निघायला लागला. घर समुद्रापासून फार लांब नाही, आणि मशीन मागच्या पडवीत होतं. वॉरंटीत गंज धरत नाहीत हे तेव्हा कळलं. आता आत आणलंय, खाली स्टँड दिलाय, आणि पावसात आठवडाभर वापर नसला तरी दोन दिवसांआड मशीन चालू करून रिकामं फिरवते, कारण मेकॅनिक म्हणाला पीसीबीत दमट हवा धरते. यात तथ्य आहे का ते जाणकारांनी सांगावं.

आणि उंदीर. फ्रंट लोडला खालून मोकळं असतं. उंदराने आत शिरून ड्रेन पंपाची वायर आणि नळी दोन्ही कुरतडली. तेही वॉरंटीत नाही. माणूस आला, बघून गेला, दुसऱ्या दिवशी भाग घेऊन आला, साडेअठराशे घेतले. मग नवऱ्याने बारीक जाळी कापून खाली चारी बाजूंनी बसवली.

पाना_पक्कड

ताई, जाळी बसवलीत ते फार चांगलं केलंत. कोकणात निम्म्या तक्रारी उंदराच्याच असतात असं तिकडचे कारागीर सांगतात. फक्त पुढच्या वेळी मशीन सरकवाल तेव्हा जाळी खाली ड्रेनच्या नळीला दाबत नाही ना ते बघा. पीसीबी चालू ठेवल्याने थोडी ऊब राहते हे खरं, पण त्याचा किती फायदा होतो ते मला सांगता येणार नाही. बऱ्याच कंपन्या आता पीसीबीवर चिकट राळ ओततात, त्याने ओल जात नाही. तुमच्यात राळ आहे का नाही ते उघडल्यावरच कळेल.

टँकरपुराण, तुमची पद्धत बरोबर आहे. १५० ग्रॅम सायट्रिक फार तर शंभर ग्रॅम क्षार विरघळवतं, म्हणून वर्षानुवर्षं साचलेला थर एका फेरीत जाईल अशी अपेक्षा नको. नियमित टाकलं तरच उपयोग. दोन पथ्यं पाळा. एक, ९० अंशांवर लावू नका. जास्त तापलं की सायट्रिकचाच कॅल्शियमशी वेगळा क्षार तयार होतो आणि तो गरम पाण्यात विरघळत नाही, उलट जाळीत अडकतो. दोन, त्याच दिवशी ब्लीच किंवा जंतुनाशक क्लोरीनचं काही टाकू नका, विषारी वायू होतो, बाथरूम बंद असेल तर जास्तच धोका. कंपनीच्या बऱ्याच पुड्यांतही सायट्रिकच मुख्य असतं. वॉरंटीत आहात तोवर मात्र पुस्तिकेत काय लिहिलंय ते एकदा वाचा.

झाल्यावर खालचं झाकण उघडून ड्रेनचा फिल्टर काढा. पांढऱ्या खपल्या निघाल्या तर समजा काम झालं.

वरचा_मजला (नागपूर)

माझी तक्रार सर्व्हिसबद्दल आहे. फ्रंट लोड, वर्ष पूर्ण. पहिल्या महिन्यापासून पाणी भरायला वेळ लागतो. जाळी स्वच्छ. माणूस आला, इनलेट व्हॉल्व्ह बदलला, गेला. पुन्हा तेच. दुसरा आला, त्यानेही व्हॉल्व्हच बदलला. तिसरा म्हणाला पीसीबी. वर्षभर हेच चाललंय. दर वेळी तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो, मशीन तसंच.

पाना_पक्कड

तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता का? गच्चीवरची टाकी तुमच्या मशीनच्या नळापासून किती उंच आहे?

वरचा_मजला

हो, वरचाच मजला. टाकी गच्चीवरच ठेवलेली, स्टँड नाही. नळापासून दोन मीटर असेल नसेल.

पाना_पक्कड

मग मशीनमध्ये बिघाड नाहीच. या व्हॉल्व्हना उघडून नीट पाणी सोडायला साधारण ०.३ बार दाब लागतो, म्हणजे तीन मीटर उंचीचं पाणी. तुमच्याकडे दोन मीटर, त्यात पाइपातलं घर्षण, टाकी अर्धी झाली की आणखी कमी. खालच्या मजल्यावर हेच मशीन उत्तम चालेल. बादली धरून बघा: मशीनची नळी सोडवून नळाखाली दहा लिटरची बादली भरायला दोन-तीन मिनिटं लागत असतील तर दाब नाहीच. उपाय दोनच. टाकीखाली दोन मीटरचा लोखंडी स्टँड, नाहीतर त्या लाइनला छोटा प्रेशर पंप. पुस्तिकेत मागच्या पानांवर किमान दाब लिहिलेला असतो, घेण्याआधी तो बघावा. सर्व्हिसच्या पोरांना दिवसाला ठरलेल्या तक्रारी संपवायच्या असतात, कुणी बादली लावून बघत नाही.

वरचा_मजला

बादलीला साडेतीन मिनिटं लागली. आभारी आहे, काका. पंपाचं बघतो. पण मग दोन व्हॉल्व्ह का बदलले, हा प्रश्न उरतोच.

टँकरपुराण

आता सर्व्हिसबद्दल माझं. मशीन बसवायला आलेल्या माणसाने मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले की नाही ते मी उभं राहून बघितलं होतं, कारण आमच्या शेजाऱ्यांच्या मशीनचे राहिले आणि पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं. हे बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना परत लागतात.

ऑगस्टमध्ये ड्रेन पंप आवाज करायला लागला. फिल्टरमध्ये काही नव्हतं. तक्रार नोंदवली, चौथ्या दिवशी माणूस आला. आल्या आल्या म्हणाला, साहेब, मोबाईलवर ओटीपी आलाय तो सांगा. तो ओटीपी तक्रार बंद करायचा होता. मी म्हटलं, पंप बसला, एक धुणं पूर्ण झालं की सांगतो. त्याच्याकडे पंप नव्हताच, 'मागवतो' म्हणाला. ओटीपी दिला असता तर तक्रार बंद आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. न दिल्यामुळे तक्रार उघडी राहिली आणि सहा दिवसांनी पंप आला. वॉरंटीत असल्याने पैसे नाहीत. वरचा_मजला यांच्या तक्रारी आपोआप बंद का होतात याचं उत्तर यातच असावं.

दुसरं, पेटीवर मोठ्या अक्षरात दहा वर्षांची वॉरंटी लिहिलेली असते ती मोटारीची. मोटार सहसा जातच नाही. पंप, पीसीबी, व्हॉल्व्ह, दाराचं लॉक यांची वॉरंटी आमच्याकडे दोन वर्षांची आहे, काहींना एकच मिळते. आणि ती बिलाच्या तारखेपासून धरतात, बसवल्याच्या नाही. दुकानातून मशीन महिन्याने आलं तर तो महिना गेला.

अण्णा_पंढरपूर

आमच्या तालुक्याला कंपनीचा माणूस नाही, सोलापुराहून येतो, आठवड्यातून एकदा. म्हणून आम्ही सेमीऑटोमॅटिकच घेतो. हे दुसरं मशीन, पहिलं बारा वर्षं चाललं. बिघडतं काय, तर टायमर, स्पिनची ब्रेकवायर आणि खालचं सील. तिन्ही गावातला पोरगा दुपारी येऊन बदलतो, पाचशेच्या आत.

पाणीही कमी लागतं, हे कुणी सांगत नाही. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. खळबळायचं पाणी बादलीत धरतो आणि अंगण धुतो. टँकर आठवड्यातून एकदा येत असेल तर फ्रंट लोडच्या साठ लिटरचं कौतुक मला सांगू नका, एवढं पाणी आम्ही दोन दिवस पुरवतो.

लंडनवासी_प्राजक्ता

लंडनचं पाणीही खूप कठीण आहे, खडूच्या खडकातून येतं. इथे सगळी मशीनं फ्रंट लोड, स्वयंपाकघरात ओट्याखाली. किटलीत महिन्याभरात पांढरा थर धरतो. तरी इथे लोक रोज ४० वर धुतात आणि मशीनं आठ-दहा वर्षं चालतात. मग आपल्याकडे एवढी भीती का? की आपल्याकडची पावडर वेगळी?

पाना_पक्कड

तिकडच्या पावडरमध्ये काय घालतात ते मला ठाऊक नाही. आपल्याकडे चांगल्या मशीनच्या पावडरीत पाणी मऊ करणारे घटक असतात, सोडा वगैरे. पातळ साबणात ते फारच कमी. म्हणून कठीण पाण्यात मी पावडरच सांगतो, लिक्विड नाही. स्वस्त पावडरीत मात्र नुसता सोडा भरलेला असतो, तो कॅल्शियम पकडतो आणि तिथेच कपड्यावर आणि ड्रममागे सोडतो. टॉवेल कडक होतो तो त्यानेच.

ड्रमच्या मागे तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो, त्यावर हा थर आणि साबण साचून राहिला की तो आतून खात जातो. वर्षात नाही, पाच-सहा वर्षांत. एक पाय तुटला की स्पिनला ठोके बसतात. बेअरिंगची खूण वेगळी. रिकाम्या ड्रमची आतली कड धरून वर-खाली हलवा, ड्रम दाराच्या रबरासकट हलला तर ठीक, नुसता ड्रम खडखडला तर बेअरिंग. हाताने फिरवताना घरघर आली तरी तेच. आजकाल बऱ्याच कंपन्यांची बाहेरची टाकी चिकटवून बंद केलेली येते, उघडता येत नाही, मग हजाराच्या बेअरिंगसाठी अख्खी टाकी बदला म्हणतात. दुकानात विचारा, टाकी खोलता येते का. सेल्समनला माहीत नसेल तर त्याच मॉडेलच्या सर्व्हिसवाल्याला फोन करा.

जालनाकर

काका, किट मागवून मोजलं. कठीणपणा १८० आला. टीडीएस तोच ९००. चुंबक काढून बघतो काही दिवस.

टँकरपुराण

हे फारच चांगलं झालं. म्हणजे तुमचं पाणी खारट आहे पण कपड्यांना आमच्यापेक्षा कितीतरी बरं.

मी मशीनसाठी छोटा सॉफ्टनर घ्यायच्या विचारात आहे, मीठ घालून धुवायचा तो. दोन लिटर राळेचा १० हजारांत सांगतात.

पाना_पक्कड

काम करतो, खोटं नाही. पण आकडा मांडा. एक लिटर राळ साधारण पन्नास ग्रॅम कठीणपणा धरते. तुमच्या पाण्यात लिटरला जवळपास अर्धा ग्रॅम आहे, म्हणजे एक लिटर राळ शंभर लिटर पाण्याला पुरते. दोन लिटर राळ, दोनशे लिटर, तीन धुणी आणि थोडं. मग मिठाच्या पाण्याने राळ धुवा. आठवड्यात दोनदा हे करायची तयारी असेल तर घ्या. बहुतेक लोक दोन महिन्यांनी सोडून देतात आणि सॉफ्टनर नुसता नळाला लटकत राहतो. मशीनच्या नळीला लावायचे ते छोटे स्फटिकाचे फिल्टर पाणी मऊ करत नाहीत, क्षार चिकटायला थोडा अडथळा करतात एवढंच. पावडर कमी लागणार नाही.

सुमेधा_ल

एएमसी, म्हणजे वर्षभराचा देखभालीचा करार, कुणी घेतलाय का? वॉरंटी संपत आली की रोज फोन येतात. तीन हजार रुपये वर्षाला.

मी_रत्नांग्री

घेऊ नका. रबर, प्लॅस्टिक, गंज, उंदीर काहीच त्यात बसत नाही. आमच्या घरी जे जे बिघडलं ते सगळं वगळलेल्या यादीत होतं.

वरचा_मजला

माझ्या भावाने घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी पीसीबी गेला, सहा हजारांचा. त्याचे पैसे वसूल झाले. त्यामुळे मी घेणार.

पाना_पक्कड

मी दुकानदार, माझं मत एकांगी धरा. पीसीबी त्यात धरलाय का आणि भागाबरोबर मजुरी धरलीय का हे लेखी विचारा. व्होल्टेज खराब असलेल्या भागात फायद्याचं पडू शकतं. पुण्यात, मऊ पाण्याला, तेच पैसे बाजूला टाकले तरी चालतात. यावर कारागिरांतही एकमत नाही.

अण्णा_पंढरपूर

तक्रार ऐकतच नसतील तर १९१५ वर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या मेहुण्याचं फ्रिजचं काम त्यानेच झालं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीही नाही. फक्त प्रत्येक भेटीचा जॉबशीट मागून घ्या, नुसते मेसेज पुरत नाहीत. वरचा_मजला, तुमच्या दोन व्हॉल्व्हचे कागद आहेत का?

वरचा_मजला

एकाचाच आहे. दुसऱ्याने सही घेतली, कागद दिला नाही.

नवा_संसार

सगळं वाचलं. ठाण्यात आमच्या बिल्डिंगला पालिकेचं पाणी आहे, पण उन्हाळ्यात टँकर येतो. फ्लॅट चौथा मजला, सातव्यावर टाकी. आता काय घ्यावं?

पाना_पक्कड

तीन मजले वर टाकी आहे, म्हणजे नऊ मीटरच्या आसपास, दाबाचा प्रश्न नाही. पालिकेचं पाणी मऊ, टँकरचे दोन महिने सायट्रिक टाका. दोन माणसांना सहा-सात किलोचं हीटरवालं फ्रंट लोड या पैशात बसेल. भाड्याचं घर आहे, तर वाहतुकीचे बोल्ट मात्र बसवणाऱ्याकडून मागून घ्या आणि पुस्तिकेच्या पिशवीत ठेवा.